टोमण्याला पत्ता नसतो

गेल्या वर्षीच्या जूनपर्यंत माझ्या घरच्या वायफायचं नाव `Khalbatta Band Kara` असं होतं. ते ठेवलं त्या रात्री मी स्वतःवर भलताच खूश होतो. आमची इमारत ठाण्यातली, सात मजली, मजल्यावर चार घरं. मी ४०२ मध्ये भाड्याने राहतो. रोज रात्री अकराच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या छतातून ठक, ठक, ठक असा आवाज यायचा, दहा-बारा मिनिटं चालायचा आणि थांबायचा. वर ५०२ मध्ये एक काकू राहतात. सकाळी चहासाठी त्या आलं-वेलची खलबत्त्यात कुटतात हे मला माहीत होतं, कारण त्यांच्या चहाचा वास जिन्यात येतो. मग रात्रीचाही आवाज त्यांचाच, असा निकाल मी देऊन टाकला.

वर जाऊन बेल वाजवावी आणि "काकू, रात्रीचा जरा आवाज येतो हो" असं सांगावं, एवढं धाडस माझ्यात नव्हतं. म्हणून मी राउटरच्या सेटिंगमध्ये गेलो, नाव बदललं, स्क्रीनशॉट काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला आणि हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग पाहत झोपलो.

पाच आठवड्यांनी लिफ्टमध्ये काकूंचा नातू भेटला. अकरावीतला मुलगा. म्हणाला, "दादा, ते खलबत्ता तुमचंच ना?" मी कसनुसं हसलो. तो म्हणाला, "मी घरात सहज वाचून दाखवलं होतं. आजीने खलबत्ता माळ्यावर टाकलाय. आता चहात पावडर घालते." त्याला त्यात काही विशेष वाटत नव्हतं, तिसऱ्या मजल्यावर तो उतरूनही गेला. त्या रात्री अकरा वाजून पाच मिनिटांनी माझ्या छतातून ठक, ठक, ठक सुरू झालं.

आवाज कशाचा होता ते आठवडाभराने प्लंबरने सांगितलं. आमच्याकडे गच्चीवरची टाकी रात्री भरतात. टाकी भरत आली की बॉलकॉकचा गोळा पाण्यावर तरंगत वर येतो आणि हळूहळू पाणी बंद करतो. तो जुना झालेला असला, की नीट मिटत नाही. पाण्याच्या लाटेवर वरखाली होतो, झडप क्षणात मिटते, क्षणात उघडते आणि प्रत्येक वेळी पाइपातल्या पाण्याला दणका बसतो. तो दणका लोखंडी पाइपातून सरळ खाली येतो आणि आमचा पाइप माझ्या ओट्यामागच्या डक्टमधून जातो. बॉलकॉक बदलला, आवाज गेला. म्हणजे एका बॉलकॉकच्या गुन्ह्यासाठी मी एका बाईंच्या सकाळच्या चहाला शिक्षा दिली होती.

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालं आहे आणि ते इथे भांडून मांडायचं आहे. फ्लॅटच्या वायफायला गमतीदार नाव द्यावं, जरूर द्यावं. पण त्या नावात शेजाऱ्याला उद्देशून एक अक्षरही असू नये. हा सभ्यतेचा सल्ला नाही. कार्यालयांची नेटवर्क लावून देणं हा माझा व्यवसाय आहे आणि मी हे वायफायचं नाव कसं काम करतं ते पाहून म्हणतो आहे. टोमणा मारायला याहून वाईट साधन शोधून सापडणार नाही.

पाटी दारावर असते, नाव घरात शिरतं

वायफायच्या नावाला तांत्रिक भाषेत एसएसआयडी म्हणतात. तुमचा राउटर हे नाव सतत ओरडत असतो. बहुतेक राउटरमध्ये हा हाकारा दर १०२.४ मिलिसेकंदांनी जातो, म्हणजे सेकंदाला साधारण दहा वेळा. दिवसाचा हिशेब केला तर आठ लाखांहून जास्त वेळा. तुम्ही झोपलेले असता तेव्हाही, गावाला गेलेले असता तेव्हाही. आणि तो कोणा एकासाठी नसतो. त्यात "प्रति" अशी जागाच नाही. ऐकू येईल त्या प्रत्येकासाठी तो असतो, आणि फ्लॅटमध्ये ऐकू येणारे म्हणजे वरचे, खालचे, दोन्ही बाजूंचे आणि जिन्यापलीकडचे.

आपल्याकडे या बाबतीत लगेच पुणेरी पाट्यांचा दाखला दिला जातो. वायफायची नावं म्हणजे नव्या जमान्याच्या पुणेरी पाट्या, असं मीही पूर्वी म्हणायचो. आता मला तो दाखला उलटा वाटतो. पुणेरी पाटी दारावर असते. तुम्ही त्या दाराशी गेलात, बेलकडे हात नेलात, तर ती तुम्हाला टोचते. दार कोणाचं ते तुम्हाला दिसत असतं आणि लिहिणारा आत बसलेला असतो, म्हणजे टोमण्याखाली सही असते. न आवडलं तर तुम्ही मागे फिरता.

वायफायचं नाव दुसऱ्याच्या घरात शिरतं. पाहुणा आला, नवा फोन घेतला, टीव्ही जोडायचा आहे, मुलाची ऑनलाइन परीक्षा आहे, की यादी उघडायची आणि यादीत तुमचा टोमणा. तो वाचायचा नाही असं ठरवता येत नाही, कारण आपल्या घरचं नाव शोधताना नजर त्यावरून जातेच.

आणि "प्रति" नसल्यामुळे होतं काय, ते मला नंतर कळलं. माझा टोमणा ५०२ साठी होता. तो ३०३ मधल्या नवरा-बायकोनेही स्वतःवर घेतला होता. त्यांचं नुकतंच लग्न झालेलं, आहेरात दगडी खलबत्ता मिळालेला, आणि रोज संध्याकाळी ती दोघं त्यात लसणाची चटणी कुटायची. त्यांनी खलबत्त्याखाली जाडसर टॉवेल ठेवायला सुरुवात केली होती. ५०३ मधल्या गृहस्थांना वाटत होतं की हा टोला त्यांच्या मुलाच्या तबल्याला आहे आणि मी मुद्दाम आडून बोलतो आहे. तीन घरं मनातल्या मनात माझ्याशी भांडत होती आणि ज्याच्याशी माझं खरं भांडण होतं तो बॉलकॉक गच्चीवर निवांत होता.

समोरासमोर तक्रार केली असती तर काकू म्हणाल्या असत्या, "अरे, रात्री अकराला मी कशाला कुटू? आवाज मलाही येतो." दोन मिनिटांत प्रश्न योग्य जागी गेला असता. टोमण्याला उत्तर देता येत नाही, हाच त्याचा आकर्षक भाग असतो आणि हाच त्याचा दोष.

तुम्ही लपलेले नाही आहात

टोमणेवाल्यांचा एक समज असा, की नाव ठेवणारा कोण ते कोणाला कळत नाही. हा समज टिकत नाही. अँड्रॉइडवर सिग्नलची ताकद आकड्यात दाखवणारी फुकट ॲप्स आहेत. आकडा वजा चिन्हात असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका राउटर जवळ. उणे ८५ म्हणजे जेमतेम ऐकू येतंय, उणे ६० म्हणजे शेजारचं घर, उणे ४५ म्हणजे तुम्ही जवळजवळ दाराशी उभे आहात. जिन्याने एक चक्कर मारली की झालं. काकूंच्या नातवाला ॲपचीही गरज पडली नव्हती. तो नुसता फोनवरच्या सिग्नलच्या रेघा बघत चार मजले उतरला होता.

म्हणजे ज्याला टोमणा मारला तो कोण, हे कोणालाच कळत नाही, पण मारणारा कोण हे अकरावीतल्या मुलालाही कळतं. यापेक्षा तोट्याचा सौदा कोणता?

यावर नेहमीचं उत्तर येतं: "गंमत आहे यार, एवढं काय मनावर घ्यायचं." मला ही ओळ तपासून पाहायची आहे. गंमत एकदा सांगितली की गंमत असते. तीच गंमत तोच माणूस तुमच्या घरात येऊन दिवसाला आठ लाख वेळा सांगू लागला तर ती गंमत राहत नाही. विनोदाचा भाग तिसऱ्या दिवशी संपतो. टोचणी उरते. माझ्या मित्रांनी ते नाव एकदा पाहिलं, हसले आणि विसरले. काकूंच्या घरी ते पाच आठवडे होतं.

आणि विनोद कोणी कसा वाचावा हे लिहिणाऱ्याच्या हातात नसतं. २०१६ मध्ये फ्रान्समधल्या दिजों शहरात एका १८ वर्षांच्या मुलाने घरच्या वायफायचं नाव `Daesh 21` ठेवलं होतं. दाएश हे आयसिसचं अरबी संक्षिप्त नाव आणि २१ हा त्याच्या जिल्ह्याचा क्रमांक. दहशतवादाचं उदात्तीकरण केलं म्हणून कोर्टाने त्याला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली, ती स्थगित ठेवली, पण गुन्हा नोंदला गेला. हे उदाहरण टोकाचं आहे, मान्य. पण तत्त्व तेच: नाव वाचणाऱ्याला तुमचा चेहरा दिसत नाही, आवाजातली थट्टा ऐकू येत नाही. त्याला फक्त बत्तीस अक्षरं दिसतात.

कुलूप असताना शिव्या कशाला?

कामानिमित्त मी दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या इमारतीत फोनवरची यादी उघडतो. मराठी वस्तीतल्या यादीत तीन प्रकारची नावं हमखास भेटतात आणि तिन्ही विनोदी समजली जातात.

पहिला प्रकार चौकीदारांचा. `Phukat Milnar Nahi`, `Swatacha Ghya`, `Password Vicharu Naye`. यात विनोद काय आहे ते मला कळत नाही. पासवर्ड लावलेला आहे ना? मग तो त्याचं काम करतो आहे. दाराला कुलूप लावून वर "चोरांनो, लाज वाटू द्या" अशी पाटी लावली तर कुलपाची ताकद वाढत नाही, फक्त मजल्यावरची उरलेली तीन घरं चोर ठरतात. ज्यांनी कधी पासवर्ड मागितलाच नव्हता त्यांनाही.

दुसरा प्रकार सीमारेषा आखणाऱ्यांचा. `Pure Veg Family`, कुठल्या तरी जातीचं नाव आणि पुढे `Wada`, किंवा एखादी घोषणा. ही गंमत नाही, ही पाटी आहे. ज्या शहरांत घर भाड्याने देताना आजही "नॉनव्हेज चालत नाही" असं तोंडावर सांगतात, तिथे अशा नावाचा अर्थ शेजारच्या घरात बोंबील तळणाऱ्या बाईला बरोबर कळतो. तिने खिडकी लावून घ्यावी अशी ती सूचना असते.

तिसरा प्रकार आयात विनोदाचा. `FBI Surveillance Van` आणि त्याची देशी आवृत्ती `CBI Van 3`. हे कोणाला टोचत नाही, फक्त शिळं आहे. पण याला एक तांत्रिक तोटा आहे, जो गमतीदार नावांच्या तयार याद्या वाटणारे कधी सांगत नाहीत. आजही बहुतेक घरांत असणाऱ्या डब्ल्यूपीए-२ सुरक्षेत तुमचा पासवर्ड आणि तुमच्या वायफायचं नाव ही दोन्ही एकत्र घोळून त्यातून किल्ली तयार होते. नाव म्हणजे त्या मिश्रणातलं मीठ. प्रत्येक घराचं मीठ वेगळं, म्हणून एका घरासाठी केलेली आकडेमोड दुसऱ्या घराला लागू पडत नाही. पण हजारो लोकांनी एकच नाव ठेवलं, तर त्या नावासाठी नेहमीच्या पासवर्डांची किल्ल्यांची यादी आधीच करून ठेवणं परवडतं, आणि सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या नावांसाठी अशा याद्या केल्याही गेल्या आहेत. पासवर्ड लांब आणि बिनधास्त असेल तर फार बिघडत नाही. पण उसना विनोद आणि त्यावर `12345678` असेल, तर तुम्ही मीठच घातलेलं नाही.

म्हणजे स्वतः रचलेला, घरचा विनोद हा जास्त चांगला विनोद तर असतोच, पण जास्त चांगलं कुलूपही असतो.

मग नावच नको?

काही शहाणे म्हणतात, कटकट नको, नाव लपवूनच ठेवा. राउटरमध्ये तशी सोय असते. ती चालू केली की हाकाऱ्यात नावाची जागा रिकामी जाते आणि शेजाऱ्यांच्या फोनवर "लपलेलं नेटवर्क" असं काहीतरी दिसतं. पण राउटर गप्प झाला की बोलण्याचं काम तुमच्या फोनवर येतं. आपलं नेटवर्क आसपास आहे की नाही हे त्याला यादीवरून कळत नाही, म्हणून तो जिथे जाईल तिथे नाव घेऊन विचारत राहतो. लोकलमध्ये, कॉलेजात, हॉटेलात. घरात लपवलेलं नाव तुम्ही गावभर घेऊन फिरता.

दुसरे म्हणतात, आडनाव आणि फ्लॅट नंबर टाका, विषय संपला. यात उद्धटपणा काही नाही, हे मला मान्य आहे. पण हे नाव फक्त शेजारी वाचत नाहीत. WiGLE नावाचं एक संकेतस्थळ आहे. त्यावर २००१ पासून हौशी लोक रस्त्याने जाता-येता सापडलेल्या वायफायची नावं आणि जागा नोंदवतात आणि ती नकाशावर शोधता येतात. तुमचं आडनाव आणि फ्लॅट नंबर तिथे जाऊन बसावा का, हा विचार करायला हवा. तसाच हाही विचार करा, की तिथे नोंदला गेलेला टोमणा तुम्ही घर सोडल्यावरही त्या इमारतीच्या ठिपक्यावर राहू शकतो.

म्हणून मी गमतीदार नावाच्या बाजूने आहे. ते कोणाचं आडनाव सांगत नाही, जात सांगत नाही, आणि पाहुण्याला "ते कढीवालं आमचं" असं सहज सांगता येतं. प्रश्न फक्त इतकाच, की हसायचं कोणाला.

हसायचं कोणाला

उत्तर सोपं आहे: स्वतःला, नाहीतर अशा गोष्टीला जिला घरपट्टी भरावी लागत नाही.

स्वतःला हसणारी नावं मराठीत फार छान होतात, कारण आपलं निम्मं घरगुती बोलणं तसंच असतं. `Udyapasun Vyayam`. `EMI Chalu Aahe`. `Bhandi Kon Ghasnar`. हे शेवटचं मी एका मैत्रिणीच्या घरी बसवलं, तिघी मिळून राहतात. तिच्या मजल्यावरच्या सगळ्यांना ते आपलंच वाटतं, पण कोणालाच ते आपल्यावर वाटत नाही. हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे. टोमणा आणि ही नावं, दोन्ही सगळ्यांना लागू पडतात. एकात प्रत्येकाला आरोप ऐकू येतो, दुसऱ्यात कबुली.

दुसरी वाट म्हणजे सगळ्यांचं समान दुःख, जे कोणा माणसाने दिलेलं नाही. `Kapde Valat Nahit` हे जुलैत ठाण्यात कोणालाही पटेल. `Gas Band Kela Na` हे मला फार आवडतं, कारण चपला घालताना ते दिसलं तर खरोखर एखादा मागे वळून बघेल. इथे एक सावधगिरी मात्र हवी. मी एकदा `Lift Kadhi Suru Honar` ठेवायच्या बेतात होतो. समान दुःख वाटतं, नाही? पण लिफ्टची जबाबदारी सोसायटीच्या सेक्रेटरींवर असते. ते २०१ मध्ये राहतात, फुकट काम करतात आणि लिफ्टवाल्याला दिवसातून चारदा फोन करतात. तक्रारीमागे एक जरी माणूस उभा असला तरी तो टोमणाच. पावसामागे कोणी उभं नसतं.

माझी स्वतःची कसोटी एका वाक्याची आहे. नाव मोठ्याने वाचायचं आणि ते इमारतीतल्या सगळ्यांत हळव्या माणसाच्या कानाने ऐकायचं. त्याला "हे माझ्याबद्दल तर नाही?" असं वाटू शकत असेल, तर खोडायचं.

आता प्रत्यक्ष कसं केलं ते सांगतो, कारण त्यात एक गंमत झाली. मला नाव देवनागरीत हवं होतं. ठरवलं, `आमटी पातळ आहे`. माझ्या स्वयंपाकाबद्दल हे खरंही आहे. राउटरने ते नाकारलं. कारण असं की एसएसआयडीची मर्यादा ३२ बाइटची आहे. रोमन अक्षर एका बाइटचं असतं, म्हणून इंग्रजीवाल्यांना ३२ अक्षरं मिळतात. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि चिन्ह म्हणजे नुसतं अक्षर नाही, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं मोजायचं. "आमटी" म्हणजे आ, म, ट आणि वेलांटी, चार चिन्हं. "पातळ" चार. "आहे" तीन. अकरा त्रिक तेहतीस, आणि दोन मोकळ्या जागांचे दोन. पस्तीस झाले. तीन बाइट जास्त, म्हणजे बरोबर एक चिन्ह जास्त.

एक चिन्ह कमी असलेला पातळ पदार्थ कोणता? कढी. क, ढ, वेलांटी. `कढी पातळ आहे`. दहा त्रिक तीस आणि दोन, बत्तीस. काठोकाठ.

राउटरने घेतलं, फोनला दिसलं, आणि मग अडचण आली. माझ्या जुन्या प्रिंटरच्या इवल्याशा पडद्यावर त्या नावाच्या जागी चौकोन दिसू लागले आणि तो जोडायला तयार होईना. नाव बदललं की घरातली सगळी उपकरणं नव्याने जोडावी लागतात हे लक्षात ठेवा. जुनी उपकरणं तेव्हाच रुसतात. उपाय सोपा निघाला. हल्लीचे बरेच राउटर दोन पट्ट्यांवर चालतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, आणि दोन्हींना वेगळी नावं देता येतात. प्रिंटर, वायफायचे दिवे असली उपकरणं बहुधा २.४ वरच चालतात. म्हणून तिथे ठेवलं `Kadhi Patal Aahe`, आणि ५ वर देवनागरी.

यात आणखी एक फायदा झाला. पूर्वी माझ्या दुसऱ्या पट्टीच्या नावाला `_5G` अशी शेपटी होती. बरेच राउटर ती स्वतःच लावतात. ती ५ गिगाहर्ट्झची खूण असते, मोबाइलच्या फाइव्ह-जीशी तिचा काही संबंध नाही. पण पहिल्या मजल्यावरचे एक आजोबा त्या तीन अक्षरांमुळे खरोखर काळजीत होते, की या मुलाने घरात टॉवर बसवला आहे. शेपटी गेली, आजोबांची काळजी गेली. कोणाला टोमणा न मारताही नाव त्रास देऊ शकतं, ते असं.

खलबत्ता

नाव बदलण्याआधी मी वर गेलो होतो. बेल वाजवली, काकूंनी दार उघडलं. मी बॉलकॉकची सगळी कथा सांगितली आणि म्हणालो, "काकू, चूक माझी होती. आधी विचारायला हवं होतं." त्या म्हणाल्या, "अरे, मला वाटलं खरंच माझ्या हाताचा आवाज एवढा जातो. वय झालं की ऐकू कमी येतं, आपल्याला कळत नाही आपण किती आवाज करतो." त्यांना राग आला नव्हता. त्यांना स्वतःच्याच कानांची शंका आली होती. मी पाच आठवडे त्यांच्या घरात हे पाठवत होतो.

मी माळ्यावरून खलबत्ता काढून दिला. चांगला जड होता, पितळी.

नवं नाव लावल्यावर दोन दिवसांनी नातू दाराशी आला. हातात वाटीवर झाकण ठेवलेलं डाळीचं पीठ. म्हणाला, "आजीने दिलंय. म्हणाली, ताकाला दोन चमचे लाव आणि उकळी येऊ देऊ नको, फुटते."

त्या रविवारी कढी खरंच दाट झाली. नाव मात्र मी बदललेलं नाही. बदललं तर प्रिंटर पुन्हा जोडावा लागेल.